भावासाठी आणि शेतात येणाऱ्या मावशींसाठी पेन्शन: दरमहा हप्ता झेपेल का?

माणिक_सेलू
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला आहे. धाकटा भाऊ गावी (परभणी जिल्हा) शेती करतो. साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वय 36. त्याची बायको 32 ची. आमच्याकडे खुरपणीला आणि कापणीला येणाऱ्या एक मावशी आहेत, आधारवर वय 38, स्वतःची जमीन नाही, नवरा नाही. गेल्या महिन्यात आई गेली. आजारपणात भावाचे जे हाल झाले ते बघून ठरवलं की या तिघांच्या म्हातारपणाची काहीतरी सोय आत्ताच लावायची.

किसान मानधन, श्रमयोगी मानधन, अटल पेन्शन ही तीन नावं कळली आहेत. तिन्हींत दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची असते. अडचण अशी की भावाच्या हातात पैसा येतो दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि मग फेब्रुवारीत तुरीचा. जून ते सप्टेंबर तो उधारीवर असतो. मावशींचं तर त्याहून वाईट, काम असेल तर रोज, नाहीतर नाही. हप्ते चुकले तर काय होतं? आणि मुळात यात पडावं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ
आईबद्दल वाईट वाटलं.
भावाला किसान मानधनमध्ये घाला, डोळे झाकून. मी 2019 लाच घेतलं, तेव्हा वय 33, महिना 130 रुपये. जितके आपण भरतो तितकेच केंद्र सरकार भरतं. साठ झाल्यावर महिन्याला 3000. आणि दहा वर्षांनी नको वाटलं तर दोन्हीकडचे पैसे व्याजासकट परत. पीएम किसानच्या पैशातून आपोआप कापतात, काही करावं लागत नाही.

सेवाकेंद्र_जालना
गोदाकाठ दादा, निम्मं बरोबर आहे, दोन गोष्टी दुरुस्त करतो. मी केंद्र चालवतो, 2019 पासून नोंदण्या केल्या आहेत.

पहिली, मध्येच सोडलं तर सरकारचा वाटा मिळत नाही. दहा वर्षांच्या आत सोडलं तर आपण भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजाने. दहा वर्षांनंतर पण साठच्या आत सोडलं तर आपले पैसे आणि त्यावर पेन्शन फंडाने कमावलेलं व्याज किंवा बचत खात्याचं व्याज, यातलं जे जास्त असेल ते. सरकारने टाकलेले पैसे फंडातच राहतात. ते हवे असतील तर साठपर्यंत थांबायचं.

दुसरी, पीएम किसानमधून आपोआप काही कापत नाहीत. त्यासाठी नोंदणीच्या वेळी वेगळी संमती द्यावी लागते. तुमची संमती घेतली असेल म्हणून कापतात. ज्यांनी दिली नाही त्यांच्या साध्या खात्यातून ठरल्या तारखेला कापायला जातात, आणि खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता पडतो.

गोदाकाठ
सरकारचा वाटा परत मिळत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. नोंदणी करणाऱ्याने सांगितलं नाही. बरं झालं कळलं, मी 2029 ला काढायचा विचार करत होतो.

निमा_कोल्हापूर
माझे वडील 67 वर्षांचे आहेत, अर्धा एकर आहे. त्यांना यात घालता येईल का? एकदम दोन-तीन वर्षांचे पैसे भरायची तयारी आहे.

सेवाकेंद्र_जालना
नाही ताई. तिन्ही योजनांत शिरायचं वय 18 ते 40. एकेचाळिसावं लागलं की दार बंद, पैसे कितीही भरायची तयारी असो. वडिलांसाठी तहसीलला संजय गांधी शाखेत श्रावणबाळची चौकशी करा. 65 वर्षं पूर्ण हवीत आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला हवा. महिना 1500 मिळतात.

निमा_कोल्हापूर
धन्यवाद. 21,000 चा दाखला कसा मिळणार, भाऊ डेअरीत कामाला आहे आणि रेशनकार्ड एकच. बघते.

आकडेमोड
मी बँकेतून निवृत्त झालो, 31 वर्षं ग्रामीण शाखांत काढली. माणिक, तुमच्या भावाचं उदाहरण कागदावर मांडून बघू.

वय 36 ला किसान मानधनचा हप्ता महिना 160. साठपर्यंत 24 वर्षं, म्हणजे त्याच्या खिशातून एकूण 46,080 रुपये जातील. पेन्शन वर्षाला 36,000. पेन्शन सुरू झाल्यावर पंधरा-सोळा महिन्यांत त्याने भरलेली मुद्दल हातात परत येते.

पण हा हिशोब अपुरा आहे, कारण त्या पैशाला 24 वर्षं व्याजही लागलं असतं. तेच 160 रुपये साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले असते तर साठाव्या वर्षी सुमारे 1 लाख 10 हजार झाले असते. ते तसेच व्याजावर ठेवून महिन्याला 3000 काढत गेलात तर साधारण साडेतीन वर्षांत संपतात. म्हणजे तुमचा भाऊ चौसष्टी ओलांडून जगला तर मानधन योजना पुढे, आणि जितका जगेल तितकी ती पुढे जात राहते. सरकारचा वाटा आहे म्हणूनच हे जमतं.

महागाईचं मात्र कुणी सांगत नाही. वस्तूंचे भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत गेले असं धरलं, तर 24 वर्षांनंतरचे 3000 म्हणजे आजचे साधारण 930 रुपये. पेन्शनची रक्कम महागाईप्रमाणे वाढेल अशी तरतूद यात नाही. एवढ्यात म्हातारपण निघेल असं समजू नका. औषधपाण्याला हातभार लागेल, एवढंच.

बीडकर_पोरगा
930 रुपयांसाठी 24 वर्षं? त्यापेक्षा एक शेळी घ्यावी. दोन वर्षांत तिच्या चार होतात. आमच्याकडे तरी हीच पेन्शन आहे.

विदर्भाची_लेक
शेळी आजारी पडते, चोरीला जाते आणि पोरीच्या लग्नात विकली जाते. माझ्या आईच्या तीन शेळ्या अशाच गेल्या, तिन्ही घरातल्याच अडचणींना. पेन्शनचा पैसा काढायला त्रासाचा आहे हाच त्याचा गुण आहे असं मला वाटतं. बाईच्या नावावरची जी वस्तू सहज विकता येते ती आधी विकली जाते.

बीडकर_पोरगा
ताई, हे खरं बोललात. आमच्याही घरी बैल विकून दवाखाना झालाय. पण माझा मुद्दा वेगळा आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर निघतात, मार्च-एप्रिलला परत. मुकादमाकडून उचल घेतात ती एकरकमी, रोखीत, आणि ती गाव सोडायच्या आधीच देण्यात संपते. पुढचे पाच-सहा महिने बँकेचं तोंड दिसत नाही. वडिलांनी 2019 मध्ये श्रमयोगी मानधन काढलं होतं, वय 39 होतं, महिना 190. पहिला हप्ता केंद्रात रोख भरला. नंतर चार महिने कापले गेले. मग आम्ही कर्नाटकात होतो, खात्यात 40 रुपये. सलग हप्ते चुकले, वर बँकेने प्रत्येक वेळी पैसे न वटल्याचा दंड लावला. उन्हाळ्यात परत येऊन खात्यात मजुरी जमा झाली तर आधी तो दंडच वसूल झाला. वडील म्हणाले, बंद करून टाक. बंदही कसं करायचं ते कुणी सांगेना.

माणिक_सेलू
मला नेमकी हीच भीती आहे. मग चुकलेले हप्ते नंतर भरता येतात का?

सेवाकेंद्र_जालना
येतात. मानधनच्या दोन्ही योजनांत थकलेली सगळी रक्कम आणि त्यावर सरकार ठरवेल तो आकार भरला की खातं पुन्हा चालू होतं. पण थकबाकी एकरकमी भरावी लागते, आणि गरीब माणसाची तीच अडचण असते. 190 झेपतात, दहा महिन्यांचे 1900 एकदम झेपत नाहीत. मग तो सोडून देतो. माझ्याकडे झालेल्या नोंदण्यांत किती चालू आहेत हे विचारलं तर मान खाली जाते.

बीडकर, वडिलांचं कार्ड घरात असेल तर त्यावरचा पेन्शन क्रमांक घेऊन कुठल्याही केंद्रात जा. बंद करायचं असेल तरी भरलेले पैसे व्याजासह परत मिळायला हवेत, ते सोडू नका.

माणिकदादा, तुमच्या भावाच्या बाबतीत मार्ग आहे. किसान मानधनमध्ये हप्ता दर महिन्यालाच हवा असं नाही. चार महिन्यांचा एकदम भरता येतो, तीन किंवा सहा महिन्यांचाही. पीएम किसानचे 2000 दर चार महिन्यांनी येतात, म्हणून चार महिन्यांचा पर्याय घ्या. 160 च्या हिशोबाने 640 जातील, 1360 हातात राहतील. नोंदणीच्या वेळी तोंडाने सांगा, नाहीतर केंद्रवाला घाईत मासिकच टाकतो.

आकडेमोड
याला एक पुरवणी जोडतो. पीएम किसान ज्या खात्यात येतं त्याच खात्यातून कापणी असेल तर उपयोग. अनेकांचं पीक कर्जही त्याच बँकेत असतं. कर्ज थकलं की काही शाखा बचत खात्यावर रोक लावतात आणि आत आलेले 2000 अडकतात. मग पेन्शनचा हप्ताही जात नाही. भावाचं कर्ज नियमित आहे का ते आधी बघा.

माणिक_सेलू
कर्ज आहे, पण दरवर्षी नवं-जुनं करतो. हे विचारायचं सुचलंच नसतं. पासबुक मागवतो.

कोकणमाणूस
आमच्या सातबारावर 23 नावं आहेत आणि सगळं मिळून तीन हेक्टर. किसान मानधनची दोन हेक्टरची अट कशी लावतात?

सेवाकेंद्र_जालना
तुमच्या वाट्याला येणारं क्षेत्र बघायचं. आठ-अ काढा, त्यात तुमच्या नावचं क्षेत्र दिसेल. तुमचा हिस्सा काही गुंठेच असणार, काळजी नको.

विदर्भाची_लेक
माणिकदादा, वहिनीचं काय करताय? तुम्ही तिघांचं म्हणालात पण चर्चा सगळी भावावरच चालली आहे. किसान मानधनमध्ये बायकोला स्वतंत्र हप्ता भरून स्वतंत्र 3000 ची पेन्शन घेता येते. माझी 2020 मध्ये झाली, सातबारावर नाव नाही तरीही, शेतकऱ्याची पत्नी म्हणून.

हे मी का सांगते ते ऐका. आमच्या यवतमाळकडे माझ्या नणंदेचा नवरा गेला, वय 37. त्याचं खातं तीन वर्षं चाललं होतं. अशा वेळी बायकोला दोन वाटा असतात, हप्ते पुढे भरत राहून पेन्शन चालू ठेवायची, नाहीतर भरलेले पैसे व्याजासह घेऊन मोकळं व्हायचं. तिने पैसे घेतले. पाच-साडेपाच हजार मिळाले, त्यात तेराव्याचं किराणा सामान झालं. ती तेव्हा शुद्धीत नव्हती आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी तेच सांगितलं. आज ती म्हणते की मला कुणी सहा महिने थांब म्हणायला हवं होतं. तिच्या नावाचं वेगळं खातं असतं तर निदान ते तरी शाबूत राहिलं असतं.

आणि नवरा साठीनंतर गेला तर बायकोला निम्मीच मिळते, 1500. तीही फक्त बायकोला, मुलांना काही नाही.

गोदाकाठ
म्हणजे दोघंही गेले की सगळं सरकारजमा? आमचे 24-27 वर्षांचे पैसे? हे पटत नाही.

आकडेमोड
हो, दोघांनंतर उरलेला निधी फंडात परत जातो. अटल पेन्शनमध्ये तसं नाही. तिथे सभासद गेल्यावर जोडीदाराला पूर्ण पेन्शन, निम्मी नाही. दोघांनंतर वारसाला एकरकमी, 3000 च्या पेन्शनला 5 लाख 10 हजार. पण किंमत बघा. 36 व्या वर्षी तेवढ्याच पेन्शनसाठी अटलचा हप्ता महिना 594 आहे. मानधनमध्ये 160. मुलांसाठी ठेवायचं असेल तर अटल, स्वतःच्या म्हातारपणाची काठी हवी असेल तर मानधन. साडेतीन एकर कोरडवाहूवाल्याला मी 594 सांगणार नाही.

अटलची एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या सोयीची आहे. हप्ता सहामाही करता येतो, आणि उशीर झाला तर दंड दर शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया, म्हणजे सोसण्यासारखा. पेन्शनही 1000 पासून घेता येते.

गोदाकाठ
तरीही. माणूस पोरांसाठीच मरमर करतो.

विदर्भाची_लेक
दादा, पोरांवर ओझं न होणं हेही त्यांच्यासाठीच केलेलं असतं.

पाटबंधारे
विषय चांगला चाललाय, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मी तलाठी कार्यालयात काम केलंय. वर श्रावणबाळची अट आली, उत्पन्न 21,000 च्या आत. मानधनची पेन्शन वर्षाला 36,000. म्हणजे आजचाच नियम राहिला तर जो माणूस मानधन घेईल तो श्रावणबाळला अपात्र ठरेल. मावशींचा विचार करा. भूमिहीन, एकट्या, 65 ला त्यांना श्रावणबाळ किंवा त्याआधीही निराधार योजनेत फुकट 1500 मिळू शकतात. मग 22 वर्षं हप्ते भरून त्यांची खरी कमाई काय? 60 ते 65 दरम्यानचे 3000 आणि पुढे वरचे 1500. शेतमजुराला हे सांगूनच नोंदणी करायला हवी.

आकडेमोड
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे. माझा हिशोब ‘काहीच नाही’ याच्याशी तुलना करून होता.

सेवाकेंद्र_जालना
कागदावर बरोबर आहे. पण पाटबंधारे साहेब, 21,000 चा दाखला किती जणांना मिळतो? दिवसाला 250 रुपये मजुरी आणि वर्षात शंभर दिवस काम धरलं तरी 25,000 होतात. खरं उत्पन्न सांगितलं तर बाई अपात्र, खोटं सांगितलं तर पात्र. त्यात दरवर्षी हयातीचा दाखला, आणि अनुदान तीन-तीन महिने थकतं. मानधन निदान आपल्या नावावर, आपल्या पैशातलं आहे.

पाटबंधारे
दाखल्याचं तुमचं म्हणणं मान्य. ती मर्यादा वाढायला हवी हेही मान्य. पण मजूर बाईकडून महिना 180 घेताना तिला दोन्ही बाजू सांगा, एवढंच माझं म्हणणं.

बीडकर_पोरगा
मी पाटबंधारेंशी सहमत. 180 म्हणजे आमच्याकडे पाऊण दिवसाची मजुरी. आणि ती भरायची ज्या महिन्यात एकही दिवस काम नाही त्या महिन्यातही.

सरकारनेच किसान मानधनला पहिल्या तीन वर्षांत पाच कोटी शेतकरी धरले होते. पाच वर्षांनंतर, 2024 मध्ये आकडा 23 लाखांच्या आसपास. आमच्यासारख्यांना गरज नाही म्हणून असं झालं का? हप्त्याची तारीख आणि पैसा हातात यायची तारीख कधी जुळलीच नाही. उचल वाटपाच्या दिवशीच वर्षाचा हप्ता कापून घेतला तर माझ्या वडिलांनी नक्की भरला असता.

विदर्भाची_लेक
मावशींसाठी एक सुचवते, आमच्या गटातल्या दोघींनी केलंय. त्यांना लाडकी बहीणचे 1500 येत असतील तर ते ज्या आधार जोडलेल्या खात्यात येतात तेच खातं श्रमयोगीच्या कापणीला द्या. जून-जुलैत रोजगार नसला तरी खात्यात काहीतरी असतं. ही योजना 22 वर्षं चालेल असं धरून मात्र चालू नका. म्हणून आमच्या दोघी कापूस वेचणीच्या पैशातून दिवाळीनंतर एकदम 2200 त्याच खात्यात टाकून ठेवतात आणि एटीएम कार्ड गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे ठेवतात. दोन वर्षं झाली, एकही हप्ता पडला नाही.

आकडेमोड
एटीएम कार्ड दुसऱ्याकडे ठेवू नये, बँकवाला म्हणून सांगतो.

विदर्भाची_लेक
काका, पिन दिलेला नाही. कार्ड घरात असलं की नवरा मागतो.

सेवाकेंद्र_जालना
जाता जाता सगळ्यात महत्त्वाचं लिहितो. कार्ड छापून हातात आलं म्हणजे पेन्शन सुरू झाली असं नाही. केंद्रात आधार आणि पासबुक देऊन, पहिला हप्ता रोख भरून नोंदणी होते. मग खात्यातून कापणीच्या संमतीचा छापील अर्ज निघतो, त्यावर सही किंवा अंगठा घेऊन तो स्कॅन करून वर चढवायचा असतो. तो चढवलाच नाही, अस्पष्ट चढला, किंवा सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही, तर पुढचा एकही हप्ता कापला जात नाही. माणूस वर्षानुवर्षं कार्ड जपून ठेवतो. म्हणून पुढच्या हप्त्याची तारीख उलटली की पासबुक भरून आणा आणि कापणीची ओळ दिसते का बघा. नसेल तर लगेच केंद्रात या. बँकेचं विलीनीकरण झालं, आयएफएससी बदलला, तरी तेच करा. नोंदणीचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, ते केंद्राला सरकारकडून मिळतात.

माणिक_सेलू
सगळ्यांचे आभार. गणपतीत गावी जाऊन आलो, काय झालं ते लिहितो.

भाऊ आणि वहिनी दोघांची किसान मानधनमध्ये नोंदणी केली, चार महिन्यांच्या हप्त्याने. भावाचे 640 पीएम किसानच्या खात्यातून. वहिनीचे महिना 120 प्रमाणे 480 तिच्या स्वतःच्या खात्यातून, आणि त्या खात्यात दोन वर्षांचे पैसे मी टाकून आलो. वहिनी म्हणाली, दोन वर्षांनंतर माझं मी भरीन, कोंबड्या आहेत. केंद्रवाला मासिकच टाकत होता, जालनाकरांचं आठवून थांबवलं.

मावशींना दोन्ही बाजू सांगितल्या, पाटबंधारेंनी लिहिल्या तशाच. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, साठीपर्यंत हात चालतील का तेच सांगता येत नाही, पासष्टीचं कोण बघतंय, पण साठीला मिळणार असेल तर मला ते हवं. हप्ता मी भरतो म्हटलं तर निम्मा त्या स्वतः देणार म्हणाल्या.

पण नोंदणी झाली नाही. त्यांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, आणि वर्ष अंदाजाने टाकलेलं निघालं. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावरून हिशोब केला तर मावशी 41 च्या पुढे असाव्यात. केंद्रवाला म्हणाला आधार बघायचं, 38 आहे, करून टाका. मावशी म्हणतात खोटं नको, पुढे पेन्शन अडवली तर? मला यात काय करावं ते कळत नाहीये.

पाटबंधारे
योजनेत वय आधारवरूनच धरतात, आणि मावशींनी ते खोटं सांगितलेलं नाही, अंदाज नोंदणाऱ्याचा होता. त्यांचा स्वतःचा जन्माचा कुठलाच कागद नसेल तर आधार हाच त्यांचा पुरावा. बहिणीच्या दाखल्यावरून मावशींचं वय सिद्ध होत नाही.

सेवाकेंद्र_जालना
मी नोंदणी केली असती. पण माझ्याकडेही एक बाई अशाच परत गेल्या होत्या, नंतर आल्याच नाहीत. मावशींना अजून एकदा विचारा दादा. तुम्ही नका ठरवू.

माणिक_सेलू
दसऱ्याला जातोय, विचारतो.